सही कोण करणार? आई-वडिलांशी पैशाचं बोलायला बसण्याआधी

आई-वडिलांच्या पैशाचा विषय बहुतेक घरांत "तुमच्यानंतर काय?" या बाजूनं निघतो आणि तिथंच फिसकटतो. वडील म्हणतात, "मी एवढ्यात कुठं मरायला लागलोय?" आई म्हणते, "तिन्हीसांजेचं असलं अभद्र बोलू नका." झालं, विषय पुढच्या दिवाळीपर्यंत बंद. माझा सल्ला असा की मरणानंतरचं सध्या बाजूला ठेवा. नॉमिनी लावलेला असेल तर त्यानंतरचं काम रखडत का होईना, होतं. घर खरं अडतं ते माणूस हयात आहे, पण सही करू शकत नाही तेव्हा.

आमच्या चुलत्यांचं, म्हणजे आबांचंच बघा. तासगाव तालुक्यात द्राक्षबाग, हिशेबाला एकदम पक्का माणूस. एका बँकेत सात लाखांची ठेव होती, त्यांच्या एकट्याच्या नावावर, नॉमिनी काकू. मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्यांना मिरजेला अतिदक्षता विभागात ठेवलं. चुलतभाऊ पावती आणि काकूंना घेऊन बँकेत गेला. साहेबांनी चहा पाजला आणि सांगितलं, "नॉमिनीचा अधिकार खातेदार गेल्यावर सुरू होतो. काका हयात आहेत, म्हणजे सही त्यांचीच लागणार." ठेवीवर कर्ज काढायचं म्हटलं, तर त्या अर्जावरही सही त्यांचीच. बँकेचं काही चुकलं नव्हतं, नियम तसाच आहे. सात लाख बँकेत असताना काकूंच्या पाटल्या तारण ठेवून दवाखान्याचं डिपॉझिट भरलं.

हे बघितल्यावर आमच्या घरी आम्ही काय काय केलं, ते क्रमानं लिहितो. माझे वडील (आम्ही तात्या म्हणतो) जिल्हा परिषदेचे निवृत्त प्राथमिक शिक्षक. आई घर सांभाळते. मी सांगलीत, धाकटा भाऊ पुण्याला, बहीण कराडला दिलेली.

१. आधी भावंडांत बोलून घ्या

एकट्यानं परस्पर विषय काढलात की दुसऱ्या दिवशी तो वेगळ्या रूपात पुण्याला पोचतो: "दादा तात्यांच्या ठेवींची चौकशी करतोय." म्हणून आधी तिघांनी फोनवर बोललो. बहिणीला हमखास वगळलं जातं, "तिचं तिकडं आहे की" म्हणून. ते करू नका. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर त्यांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत हिंदू वारसा कायद्यानं आई, मुलगे आणि मुली यांचा हिस्सा सारखाच असतो. उद्या वारसांच्या सह्या लागल्या की बहिणीची सही लागणारच आहे. शिवाय आमच्या घरात तात्या ऐकतात ते तिचंच.

२. विषय दवाखान्यापासून काढा

कोणाच्या तरी आजारपणाची बातमी ताजी असताना बोलावं. आम्ही चुलत्यांचंच उदाहरण घेतलं. बहीण म्हणाली, "तात्या, आबांसारखी वेळ तुमच्यावर आली, तर आई बँकेतनं पैसे काढू शकेल का?" तात्या म्हणाले, "का नाही? तिचं नाव लावलंय मी." नाव लावलंय म्हणजे नॉमिनी म्हणून की खातेदार म्हणून, हे त्यांनाही सांगता येईना. मग स्वतःच उठून पासबुकं काढली.

"तुमच्याकडं किती आहेत?" हा प्रश्न पहिल्या बैठकीत विचारूच नका. रकमेचा आकडा विचारला की माणूस आखडतो. सही कोणाची चालते एवढंच विचारा. आकडे पुढं आपोआप कळतात, आणि नाही कळले तरी पहिलं काम अडत नाही. आईला मात्र पहिल्या दिवसापासून सोबत बसवा. "तिला काय कळतंय त्यातलं" असं वडील म्हणतील. पण फॉर्मवर सही तिचीच लागणार आहे आणि बँकेतल्या खिडकीपाशी उद्या तिलाच उभं राहायचंय.

३. यादी वडिलांच्या हातानं होऊ दे

दोनशे पानी वही आणली आणि तात्यांनाच लिहायला दिली. शिक्षकच ते, रकाने आखून बसले. साड्यांच्या दुकानाच्या जुन्या पिशवीत पावत्यांची चळत होती. तिला लावलेलं रबर उन्हाळ्यानं विरघळून कागदाला चिकटलेलं, सोडवताना एका पावतीचा आकडा निघून आला. प्रत्येक पावतीला एक ओळ: संस्था आणि शाखा, खाते किंवा पावती क्रमांक, कोणाच्या नावावर, सही कोणाची चालते, नॉमिनी कोण, मुदत कधी संपते.

कपाटात न सापडणाऱ्या गोष्टीही विचारा. पिग्मी कोण गोळा करतो आणि ती कुठल्या संस्थेत जमा होते? साखर कारखान्याचा शेअर, सोसायटीचं भाग भांडवल? हातउसने दिलेले पैसे? हे शेवटचं फार कमी लोक सांगतात, कारण त्याचा कागद नसतो. तात्यांनी एका जुन्या सहकाऱ्याला दिलेले पैसे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

दोन वर्षं व्यवहार झाला नाही की बँक खातं निष्क्रिय धरते. दहा वर्षं कोणी मागितली नाही अशी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण हक्क बुडत नाही, बँकेकडं मागता येते. बदलीच्या गावी उघडलेलं एखादं खातं विसरलं असेल, तर सहभागी बँकांमधली अशी रक्कम udgam.rbi.org.in इथं नावावरून शोधता येते. पतसंस्थेची ठेव तिथं दिसत नाही.

४. प्रत्येक पावतीवर "सही कोणाची चालते" ते वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. पावतीवर दोन नावं दिसली की आपण निश्चिंत होतो. पण पैसे कसे निघणार, हे नावांखालच्या एका बारीक ओळीवर ठरतं.

"आयदर ऑर सर्व्हायव्हर" असेल तर दोघांपैकी कोणाच्याही एका सहीनं पैसे निघतात आणि एक गेला तर दुसऱ्याला मिळतात. आपल्याला हवं ते हेच.

"फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर" असेल तर पहिला खातेदार हयात असेपर्यंत त्याचीच सही चालते. वडिलांना हा प्रकार आवडतो, कारण आईचं नावही लागतं आणि ताबाही आपल्याकडंच राहतो. पण वडील बेशुद्ध असतील तेव्हा तो एकट्याच्या खात्याइतकाच निरुपयोगी. तात्यांच्या दोन ठेवी अशाच निघाल्या.

"जॉइंटली" असेल तर प्रत्येक वेळी दोघांच्याही सह्या. पोस्टात याच गोष्टीला "जॉइंट ए" आणि "जॉइंट बी" म्हणतात. ए म्हणजे दोघांनी मिळून, बी म्हणजे कोणीही एक. मासिक प्राप्ती योजनेचं खातं काढताना एजंटनं फॉर्मवर कुठं टिक केली होती, हे बहुतेकांना माहीत नसतं. पासबुकाच्या पहिल्या पानावर बघा, नसेल तर खिडकीवर विचारा.

आता मुदत ठेवीतली मेख. पावती "आयदर ऑर सर्व्हायव्हर" असली तरी ती सोय मुदत संपल्यावरची. मुदतीआधी ठेव मोडायची तर बँक सहसा दोघांच्याही सह्या मागते. दोघांपैकी एक गेला आणि मुदत बाकी असेल, तर ठेव मोडायला गेलेल्याच्या वारसांची संमती मागू शकते. यावर उपाय आहे. ठेव ठेवताना किंवा नंतर दोघांनी मिळून लेखी द्यायचं की मुदतीआधी मोडण्याचा अधिकार दोघांपैकी कोणालाही आणि मागे राहिलेल्यालाही आहे. काही बँकांच्या फॉर्मवर हा रकाना छापलेलाच असतो, फक्त तो कोरा राहिलेला असतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

एकट्याच्या नावावरच्या चालू ठेवीत दुसरं नाव घालता येतं का, हे शाखेत विचारा. रक्कम आणि मुदत न बदलता नाव वाढवायला रिझर्व्ह बँकेची हरकत नाही. बँक तयार नसेल, तर मुदत संपेल तेव्हा नवीन पावती दोघांच्या नावानं करा. मुदत लवकर संपणार असेल तर व्याज बुडवून आजच मोडण्यात अर्थ नाही. तात्यांची एक ठेव आम्ही तशीच राहू दिली, वहीत तारखेखाली लाल रेघ मारून. पहिलं नाव वडिलांचंच ठेवा. व्याजाचा कर त्याच नावावर बघितला जातो आणि त्यांच्या मनालाही ते बरं वाटतं.

"एवढं कशाला, कुलमुखत्यारपत्र करू की" असं कोणीतरी म्हणतंच. आपल्याकडच्या कायद्यात, मुखत्यारपत्र देणाऱ्याची शुद्ध हरपली की ते संपतं. म्हणजे ज्या वेळेसाठी केलं, नेमक्या त्याच वेळी हातात कागद उरतो. बँकेला दिलेल्या अधिकारपत्राचंही तेच. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या वतीनं व्यवहार करायला पालक नेमून घ्यायचा तर उच्च न्यायालयात जावं लागतं. आपल्या भागासाठी ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, मुंबईची खेप वाचली एवढंच. आजारपण न्यायालयाच्या तारखेसाठी थांबत नाही.

माणूस शुद्धीवर असेल, फक्त हात चालत नसेल, तर मार्ग सोपा आहे. दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेता येतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. शाखेत जाऊन तशी विनंती करा. पैसे कोण घेऊन जाणार, हेही त्या वेळी खातेदारानं सांगायचं असतं.

५. सगळं जोडनावावर करायची गरज नाही

तात्यांची अडचण शेवटी त्यांनीच बोलून दाखवली: "उद्या तुम्ही सगळं काढून घेतलं, तर आम्ही दोघांनी तुमच्या तोंडाकडं बघायचं?" भीती खोटी नाही, अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिलीत. त्यामुळं आम्ही सगळ्या ठेवींना हात लावला नाही. एक बचत खातं वेगळं काढलं, आई आणि तात्या दोघांच्या नावानं, "आयदर ऑर सर्व्हायव्हर". त्यात अडीच लाख. दवाखान्यात दाखल करतानाचं डिपॉझिट आणि पहिले काही दिवस निघावेत, या अंदाजानं हा आकडा धरला. तुमच्याकडं तो वेगळा असेल. आईच्या नावाचं एटीएम कार्ड घेतलं आणि भाजीच्या पैशासाठी तिनं ते स्वतः दोनदा वापरलं, म्हणजे ऐनवेळी पिन आठवत बसायला नको.

आमच्यापैकी कोणाचंही नाव त्या खात्यात नाही. आई बँकेत जाऊ शकत नसेल किंवा एकच पालक असेल, तर एका मुलाचं किंवा मुलीचं नाव लावावंच लागतं. तसं कराल तेव्हा बाकीच्यांना आधी सांगा. जोडखातेदाराला बँक पैसे देते म्हणजे तो मालक होतो असं नाही, वारसांचा हक्क राहतोच.

वडिलांचं कार्ड आणि पिन खिशात ठेवून काम भागवणारे बरेच आहेत. बँकेच्या अटींत ते बसत नाही, आणि वडील गेल्यानंतर त्या कार्डानं काढलेला प्रत्येक रुपया भावंडांत भांडणाचं कारण होतो.

६. नॉमिनी आणि नावांची जुळणी

नॉमिनीचा रकाना एकदा भरला की वीस वर्षं कोणी बघत नाही. तात्यांच्या एका विमा पॉलिसीवर नॉमिनी आमची आजी होती, ती जाऊन जमाना झाला. नोव्हेंबर 2025 पासून बँकेतल्या ठेवीला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि त्यांचे हिस्सेही लिहिता येतात. तीन भावंडं असतील तर हे उपयोगाचं आहे. लॉकरला मात्र नॉमिनी क्रमानेच लागतात, एकानंतर दुसरा. बँकेत नॉमिनीकडं पैसे विश्वस्त म्हणून येतात, मालक वारसच. हे घरात सगळ्यांसमोर एकदा बोलून टाका.

नावांचा घोळ आईकडं जास्त. आधारवर "हौसाबाई", पासबुकात "हौसा", आणि निवृत्तिवेतनाच्या आदेशात, म्हणजे पीपीओत, भलतीच जन्मतारीख. वडिलांच्या माघारी तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळणार ते पीपीओवरच्या नोंदीवरून. वडील हयात असताना ही दुरुस्ती त्यांच्या अर्जानं होते. नंतर आईला प्रतिज्ञापत्रं घेऊन कार्यालयाच्या चकरा. आमच्याकडं आधी आधार दुरुस्त केलं, मग पासबुक, मग पीपीओचा अर्ज. हाच क्रम ठेवा, कारण पुढचं प्रत्येक कार्यालय आधार मागतं. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे का, हेही त्याच वेळी बघा.

७. विम्याचं बोलणं

आरोग्य विम्याचं कार्ड फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडं ठेवा. कोणत्या दवाखान्यात कॅशलेस चालतं, ते सांगली-मिरज-कराडपुरतं तरी आधीच विचारून वहीत लिहा. वडिलांना एकच अवघड प्रश्न विचारा: पॉलिसी काढताना बीपी, साखर सांगितली होती का? एजंटनं "नाही लिहू" म्हटलेलं असतं. लपवलेलं असेल तर दावा नाकारला जाऊ शकतो. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली असेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला त्या कारणावर बोट ठेवता येत नाही. म्हणून जुनी पॉलिसी चिडून बंद करू नका.

वय सत्तर पूर्ण असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढाच. ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न बघता वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, मात्र यादीतल्याच रुग्णालयात. आधारवरून नोंदणी होते. आई आणि वडील दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ते पाच लाख दोघांत मिळून धरायचे.

८. पतसंस्थेतली ठेव वेगळी मोजा

बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, एका ठेवीदाराला एका बँकेत व्याजासह पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेला ते नाही. आपल्याकडं मात्र चेअरमन ओळखीचा आणि व्याज जास्त, म्हणून निवृत्तीची निम्मी रक्कम तिथंच. "काढून घ्या" म्हटलं तर तात्या उखडले, ओळखीचा प्रश्न होता. मग असं ठरलं की मुदत संपेल तशी एकेक पावती बँकेत आणायची, नवीन ठेव तिथं ठेवायची नाही. दोघांचंही मन राहिलं.

९. बँकेत जाताना सोबत काय न्यायचं

- दोघांचं आधार, पॅन, दोन-दोन फोटो आणि सगळ्यांच्या झेरॉक्स
- पासबुकं आणि मूळ ठेव पावत्या
- नॉमिनी करायच्या प्रत्येकाचं आधारवरचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि पत्ता
- ओटीपी येतो तो मोबाईल, चार्ज केलेला
- वडिलांचा चष्मा (हसू नका, त्यावाचून आमची एक खेप वाया गेली)

आधी फोन करून जा आणि महिन्याच्या सुरुवातीचे पेन्शनचे दिवस टाळा. सहीचा नमुना जुना असेल तर त्याच दिवशी नवा द्या. हात कापायला लागला की सही जुळत नाही आणि चेक परत येतो.

१०. वही कुठं राहणार

मूळ कागद आई-वडिलांच्याच कपाटात राहू द्या. वहीच्या पानांचे फोटो तिन्ही भावंडांकडं, पण पिन आणि पासवर्ड वहीत लिहायचे नाहीत. दरवर्षी नोव्हेंबरात तात्या हयातीचा दाखला द्यायला जातात, तेव्हाच वही उघडून मुदत संपलेल्या पावत्या खोडतो आणि नव्या चढवतो. यंदा ते लिहिण्याचं काम आईनं मागून घेतलं.